रविवारी दही पुरत नाही, सोमवारी उरतं: ऑर्डर देताना या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोत आमचं डेअरीचं दुकान आहे. सुटं दूध आणि आम्ही स्वतः लावलेलं दही, हाच मुख्य धंदा. दोन्ही माल एका दिवसाचा. सकाळी आलेलं दूध रात्रीपर्यंत मार्गी लागलं पाहिजे आणि आज कापलेलं दही आजच संपलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते विकता येतं, पण गिऱ्हाईक एकदाच घेतं.

बरेच महिने आमच्याकडे एकच गोष्ट घडत होती. रविवारी सव्वानऊलाच दह्याचं शेवटचं पातेलं रिकामं व्हायचं. मिसळीसाठी दही न्यायला आलेल्या काकू म्हणायच्या, "दादा, रविवारीच कसं तुमचं दही संपतं?" आणि सोमवारी दुपारी एकला शटर ओढताना आठ-नऊ किलो दही शिल्लक. मी तेव्हा हे गिऱ्हाइकाच्या लहरीवर ढकलत होतो. प्रत्यक्षात चूक ऑर्डर देण्याच्या पद्धतीत होती, आणि ती एक नव्हती.

विकलं तेवढीच मागणी समजणे

वहीत रविवारपुढे 24 किलो लिहिलेलं असायचं. पुढच्या रविवारी मी वही बघून पुन्हा 24 किलोच लावायचो. पण 24 किलो ही मागणी नव्हतीच, तेवढं आमच्याकडे दही होतं. सव्वानऊनंतर जे हात हलवत परत गेले ते वहीत कुठेच नव्हते. माल संपलेल्या दिवसाचा आकडा कायम कमी दाखवतो, आणि त्याच आकड्यावर पुढची ऑर्डर दिली की तुटवडा आपणच कायम करतो.

यावर उपाय साधा आहे. विक्रीच्या आकड्याशेजारी माल कधी संपला ती वेळ लिहायची. "24, सव्वानऊ" आणि "24, साडेबारा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मागणी बरीच जास्त आहे, दुसऱ्यात अंदाज जवळपास बरोबर होता. उरलं असेल तर वेळेऐवजी शिल्लक लिहायची.

मग खरी मागणी किती, याचा अंदाज मी असा काढला. ज्या दिवशी दही दुपारपर्यंत पुरलं होतं, त्या दिवशी सव्वानऊपर्यंत किती गेलं ते पाहिलं. बुधवारी साधारण 60 टक्के दही तोवर गेलेलं असायचं. त्या हिशोबाने रविवारी 40 किलो लागायला हवं होतं. पण मी एकदम 40 लावलं नाही, ते बरंच झालं. पहिल्या रविवारी 30 लावलं, ते साडेदहाला संपलं. पुढच्या रविवारी 34, ते पावणेबाराला संपलं. त्याच्या पुढच्या रविवारी 36 लावलं तर एक वाजता दीड किलो उरलं. म्हणजे खरी मागणी 34-35 च्या आसपास. बुधवारचं प्रमाण रविवारला लागू पडलं नाही, कारण नाशकात रविवारच्या मिसळीची गर्दी सकाळी लवकर येते आणि दहानंतर ओसरते. दुसऱ्या वाराचं प्रमाण दिशा दाखवायला चालतं, पण आकडा त्याच वाराला चार-पाच किलोंनी वाढवत नेऊनच सापडतो.

उरलेल्या दुधाचं दही लावणे

सगळ्यात महाग पडलेली चूक ही, आणि सोमवारच्या शिल्लकीचं कारणही हेच. बहुतेक छोट्या दुकानांत रात्री जेवढं दूध उरेल तेवढं तापवून विरजण लावतात. आम्हीही तेच करायचो. दूध वाया जात नाही, म्हणून ही पद्धत शहाणपणाची वाटते.

पण त्यामुळे दही किती लावायचं हे उद्याचा वार ठरवत नाही, आजची दुधाची विक्री ठरवते. शनिवारी संध्याकाळी दूध चांगलं खपायचं, कारण दुसऱ्या दिवशी घरी सगळे असणार म्हणून लोक जास्तीचं नेतात. त्यामुळे रात्री जेमतेम 25 लिटर उरायचं आणि रविवारच्या वाट्याला 24 किलो दही यायचं. रविवारी संध्याकाळी मात्र दुधाला उठाव कमी. 27-28 लिटर उरायचं आणि सोमवारी 26 किलो दही तयार. सोमवारची मागणी होती 17-18 किलो. दही जास्त हवं त्या दिवशी कमी आणि कमी हवं त्या दिवशी जास्त, ही उलटापालट आम्ही दर आठवड्याला स्वतःच्या हाताने करत होतो.

रविवारचं दही म्हणजे शनिवारचं दूध, आणि शनिवारच्या दुधाची ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळी गवळीदादांना फोनवर सांगावी लागते. म्हणजे रविवारच्या दह्याचा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी घ्यायचा. शनिवारी रात्री जाग येऊन उपयोग नाही, तेव्हा हातात दूधच नसतं.

आता शुक्रवारी फोन करताना मी दोन आकडे वेगळे काढून बेरीज सांगतो. शनिवारची दुधाची विक्री 110 लिटर, अधिक रविवारच्या 35 किलो दह्यासाठी 37 लिटर, एकूण 147. तापवताना थोडं पाणी उडतं म्हणून दह्याच्या किलोपेक्षा दोन लिटर जास्त धरतो. दह्याचं दूध सकाळीच वेगळ्या कॅनमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवतो आणि त्याला विक्रीसाठी हात लावत नाही. पहिल्या आठवड्यात हे फार जड गेलं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना आत भरलेला कॅन ठेवून "दूध संपलं" म्हणवत नाही. पण त्यातलं पाच लिटर विकलं की रविवारचं पाच किलो दही गेलं, आणि लिटरमागे सुटतं त्यापेक्षा दह्याच्या किलोमागे आमच्याकडे जास्त सुटतं.

रविवारी नेमकं उलट. सोमवारला 18 किलो पुरे म्हणून रविवारच्या दुधाची ऑर्डरच कमी द्यायची, जास्तीचं मागवून रात्री दह्यात ढकलायचं नाही. तरीही दूध उरलंच तर पनीर करतो. म्हशीच्या लिटरभर दुधाला साधारण 200 ग्रॅम पनीर पडतं आणि ते फ्रीजमध्ये दह्यापेक्षा जास्त टिकतं.

सकाळीच दूध वेगळं काढल्याचा आणखी एक फायदा झाला. दिवसभर काउंटरवर उघडझाक झालेल्या दुधाचं दही सैल लागतं, कापल्यावर लगेच पाणी सुटतं आणि अकरापर्यंत आंबट होतं. मागणी कमी आहे असं वाटणाऱ्या काही दिवसांत खरं कारण हेच होतं. काउंटरवरचं दूध वापरायचंच असेल तर आधी वाटीभर उकळून बघा. फाटलं किंवा कणी दिसली तर त्या दुधात विरजण घालू नका.

कालच्या दिवसावरून आजचं ठरवणे

काल दही संपलं म्हणून आज वाढवायचं, काल उरलं म्हणून आज कमी करायचं, असं केलं की ऑर्डर कायम एक दिवस मागे पळते. रविवारवरून सोमवार काढता येत नाही. सोमवारची तुलना मागच्या सोमवारशीच करायची.

त्यासाठी मी वहीत प्रत्येक वाराला एक पान दिलं आहे. सोमवारच्या पानावर फक्त सोमवार. शेवटचे चार सोमवार बघायचे, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या दोनांच्या मध्ये ऑर्डर ठेवायची. पण एखादा आकडा माल लवकर संपलेल्या दिवसाचा असेल तर तो धरायचा नाही, किंवा अंदाजाने वाढवून धरायचा.

या पानांना सगळ्यात जास्त फसवते ती तिथी. एकादशी आणि संकष्टी वार बघून येत नाहीत. मंगळवारी एकादशी आली की साबुदाण्याच्या खिचडीबरोबर दही जातं, आणि मंगळवारच्या पानावर 18 च्या जागी 27 दिसतं. पुढच्या मंगळवारी त्यावरून ऑर्डर दिली की नऊ किलो उरलंच. म्हणून असे आकडे मी लाल पेनने लिहितो आणि सरासरीत घेत नाही. एकादशी, संकष्टी, कोजागरी यांच्यासाठी शेवटी वेगळं पान आहे. कोजागरीला दही तेवढंच जातं, पण संध्याकाळच्या दुधाचा अंदाज पार बदलतो, त्यामुळे त्या पानावर दूध आणि दही दोन्ही लिहिलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी फोन करण्याआधीच पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर बघून त्या त्या दिवशी आधीच खूण करून ठेवायची. आणि दह्यासाठी फोन दोन दिवस आधी करायचा असतो, हे इथेही विसरायचं नाही.

दुसऱ्याचा वार उसना घेऊ नका. पंचवटीत गोदाघाटाजवळ बुधवारी बाजार भरतो. तिथल्या दुकानाचा बुधवार आणि आमच्या सिडकोतला बुधवार यांचा काही संबंध नाही. त्र्यंबक रस्त्यावरच्या दुकानाला श्रावणातला तिसरा सोमवार ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे आदल्या संध्याकाळपासूनच वेगळा जातो. आपली वही हाच आपला नमुना.

शिल्लक दही ताज्यात मिसळणे

हे थोडक्यात सांगतो. कालचं दोन किलो आजच्या पातेल्यात घातलं तर दुपारपर्यंत सगळंच आंबट होतं, आणि दोन किलो वाचवायला गेलं की वीस किलोची चव जाते. शिल्लक दह्याचा त्याच दिवशी मठ्ठा करा किंवा कढीसाठी मेसवाल्याला आधी सांगून कमी भावात द्या. आंबट दही विरजणालाही वापरू नका, नवं दहीही आंबटच लागतं.

रोज एकपर्यंत दही पुरलंच पाहिजे, असा हट्ट

गणित जमल्यावर मी या चुकीत अडकलो होतो. आमच्याकडे किलोमागे साधारण 30 रुपये सुटतात. उरलेल्या किलोचा मठ्ठा करूनही साधारण 40 रुपये बुडतात. म्हणजे एक किलो कमी पडण्यापेक्षा एक किलो उरणं महाग आहे. त्यामुळे दही बाराच्या सुमारास संपलं तर मी पुढच्या आठवड्याची ऑर्डर वाढवत नाही. अकराच्या आत सलग दोन आठवडे त्याच वारी संपलं तरच दोन किलो वाढवतो. तुमच्याकडे शिल्लक दही घेणारा पक्का मेसवाला असेल तर हा तोटा कमी होईल आणि तुम्हाला थोडं जास्त लावून चालेल.

श्रावणात मात्र वाराची पानं बाजूला ठेवावी लागतात. सोमवार आणि शनिवार उपवासामुळे वाढतात आणि महिनाभर तसेच राहतात, म्हणून श्रावणाची सात पानं वेगळी केली आहेत. श्रावण संपल्यावर पहिल्या सोमवारची ऑर्डर शेवटच्या श्रावणी सोमवारवरून न देता आषाढातल्या पानावरून द्यायची. आम्ही पहिल्या वर्षी ते केलं नाही आणि त्या सोमवारी 11 किलो दह्याचा मठ्ठा करावा लागला.