मुरमातील अर्थिंगचा खड्डा: माझा अनुभव

कोल्हापुरातील आमच्या घरामागे मुरूम असल्याने अडीच मीटर खड्डा घेऊन मधोमध जस्ताचा मुलामा दिलेली सळई उभी केली आणि तिच्याभोवती कोळसा व जाड्या मिठाचे वीतभर थर आलटून पालटून भरले. मेन स्विच बंद करून घराची अर्थिंगची तार सळईपासून सोडवली आणि जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध मोजणारा अर्थ टेस्टर जोडला. टेस्टरचा प्रवाहाचा खुंटा सळईपासून ३० मीटरवर, विद्युत दाबाचा साडेअठरा मीटरवर. आकडा हवा त्यापेक्षा जास्त, ११ ओहम आला. दाबाचा खुंटा दोन मीटर पुढे-मागे सरकवूनही तो जवळपास तोच राहिला, म्हणजे मापन बरोबर होते, खड्डाच कोरडा होता, घाई माझीच. चार दिवस पाणी घातल्यावर ४ ओहम मिळाले. पावसात मीठ धुपते, शिवाय ओल्या जमिनीतला आकडा फसवा असतो, म्हणून पुढचे मापन मे महिन्यात घेणार आहे.