या चुका टाळा: मिश्र इन्सुलिनचे पेन, अपुरे ढवळणे आणि लांबलेले दुपारचे जेवण

लातुरात मधुमेही रुग्णांना इन्सुलिन घ्यायला शिकवण्याचे काम मी करतो. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी ‘तीस-सत्तर’ हे मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची साखर एकाएकी खाली गेली, की घरचे लोक बहुतेक वेळा डोस जास्त झाला असे म्हणतात. प्रत्यक्षात पुष्कळदा डोसचा आकडा बरोबर असतो; पेन नीट ढवळलेले नसते, किंवा दुपारचे जेवण लांबलेले असते, आणि कधी कधी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बाबतीत असेच झाले. त्यांची वही मी पानापानाने पाहिली आहे, म्हणून त्यांच्याच उदाहरणावरून सांगतो.

तीस-सत्तर या नावातच सगळी गोम आहे. या औषधात ३० टक्के इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ आणि लवकर काम करणारे असते. ते साधारण अर्ध्या तासात सुरू होते आणि दोन-तीन तासांत जोरावर येते, म्हणून इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासाने जेवायचे असते. उरलेले ७० टक्के पांढरट आणि सावकाश काम करणारे असते. त्याचा जोर घेतल्यापासून चार तासांनंतर वाढतो आणि पुढे बराच वेळ टिकतो. म्हणजे सकाळी आठला घेतलेल्या इंजेक्शनचा मोठा हिस्सा दुपारी बारा ते चार-पाचच्या सुमारास काम करत असतो आणि रात्री आठला घेतलेल्याचा मध्यरात्रीनंतर. नव्या प्रकारच्या काही मिश्र इन्सुलिनमधला जलद भाग याहूनही लवकर सुरू होतो, आणि ती जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी किंवा जेवायला बसतानाच घ्यायची असतात. आपले पेन कोणत्या प्रकारचे आहे हे डॉक्टरांकडून किंवा औषध दुकानातून एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

या शेतकऱ्यांना सकाळी २० आणि रात्री १४ युनिट असा डोस होता. सप्टेंबरअखेर त्यांची सकाळची उपाशीपोटीची साखर लागोपाठ काही दिवस २२०, २४० अशी येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवून सकाळी २४ आणि रात्री १६ केला. त्यानंतर पंधरवड्यात सोयाबीनची काढणी आली. त्या दिवशी त्यांनी सकाळी साडेसातला इंजेक्शन घेतले, आठला ज्वारीची भाकरी आणि वरण खाल्ले आणि ते शेतात गेले. एरवी ते एकला जेवायचे, पण मळणीचे यंत्र दोनला आले आणि ते असेपर्यंत काम उरकावे म्हणून जेवण मागे पडले. तीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. उन्हाने असेल म्हणून ते झाडाखाली बसले. मग हात थरथरू लागले, मुलाने काही विचारले तर उत्तर भलतेच येऊ लागले. मुलगा त्यांना मोटारसायकलवर मागे धरून घरी घेऊन आला आणि मीटरवर साखर पाहिली, तर ४८.

पुढे घरच्यांनी जे केले ते अगदी योग्य होते. ते अजून शुद्धीत होते आणि त्यांना गिळता येत होते, म्हणून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ६६ आली. ७० च्या खाली असल्यामुळे पुन्हा तेवढीच साखर दिली, आणि आणखी पंधरा मिनिटांनी ९४ आली. त्यानंतर लगेच भाकरी आणि दूध दिले, कारण सावकाश इन्सुलिनचा जोर अजून संपलेला नव्हता आणि साखरपाण्याचा परिणाम तासाभरात ओसरला असता. सुरुवातीलाच भाकरी किंवा पेढा दिला असता, तर साखर रक्तात पोहोचायला उशीर झाला असता. आणि माणूस बेशुद्ध पडला असेल, तर तोंडात काहीही घालायचे नसते. श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले तेव्हा मी पेन मागितले. ते शर्टाच्या खिशात, सुईची बाजू खाली करून उभे होते.

“मामा, इंजेक्शन घेण्याआधी पेन हलवता का?”

“हलवायचं कशाला? औषध आतच हाय की.”

मी पेनचा पारदर्शक भाग उजेडासमोर धरला. वरचा भाग स्वच्छ पाण्यासारखा होता आणि सुईकडच्या टोकाला पांढरा गाळ बसलेला होता. ज्यात हा सत्तर टक्क्यांचा भाग असतो ते इन्सुलिन ठेवलेल्या जागी तळाशी बसते, आणि न ढवळता टोचले, तर पेनवर आकडा २४ दिसत असला, तरी शरीरात काय गेले ते त्या २४ मध्ये गाळ किती आणि स्वच्छ पाणी किती यावर ठरते. सुई खाली ठेवलेल्या पेनमधून नव्या रिफिलचे सुरुवातीचे डोस गाळाने दाट येतात आणि शेवटचे डोस पातळ, बहुतेक जलद इन्सुलिनचे येतात.

आता वही पुन्हा वाचा. ३०० युनिटची त्यांची रिफिल, रोज दोन डोस आणि प्रत्येक वेळी टोचण्याआधी हवा काढायला सुईतून सोडायचे दोन युनिट धरून, साधारण आठवड्यात संपते. ज्या दिवसांत सकाळची साखर २२०-२४० होती, ते रिफिलचे शेवटचे दिवस होते. रात्रीच्या डोसात सावकाश इन्सुलिन फार कमी जात होते, म्हणून पहाटे ती आवरत नव्हती. डॉक्टरांसमोर फक्त आकडे होते, म्हणून डोस वाढला. काढणीच्या दिवशी मात्र नव्या रिफिलचा तिसरा दिवस होता. गाळाने दाट आलेला आणि वाढवलेला डोस दुपारी जोरात असताना पोटात अन्न नव्हते आणि अंगाला कष्ट होते. साखर ४८ वर येण्याला जेवणाइतकेच पेनही कारणीभूत होते.

त्यामुळे डोस एकसारखा आणि जेवणही तेच असताना आकडे मात्र वरखाली पळत असतील, विशेषतः नव्या रिफिलसोबत त्यांचा कल बदलत असेल, तर डोस बदलण्याआधी पेन कसे ढवळले जाते ते पाहावे. ढवळण्याची रीत अशी आहे. पेन फ्रिजमधून काढलेले असेल तर आधी बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, थंड औषध नीट मिसळत नाही. मग ते दोन तळहातांमध्ये आडवे धरून दहा वेळा फिरवावे. त्यानंतर सुईची बाजू वर, मग खाली, असे दहा वेळा उलटसुलट करावे. रिफिलमधला काचेचा छोटा मणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला पाहिजे. ताकातल्या रवीसारखे जोरात हलवायचे नाही, फेस येतो. सगळे औषध दुधासारखे एकसारखे पांढरे दिसले, की लगेच टोचावे. मध्ये फोन आला आणि दहा मिनिटे गेली, तर पुन्हा ढवळावे. रिफिलमध्ये १२ पेक्षा कमी युनिट उरले असतील, तर मण्याला फिरायला जागा उरत नाही. तेवढे औषध सोडून नवी रिफिल लावावी. पैसे वाचवायला ते शेवटचे युनिट वापरणारे खूप भेटतात, आणि त्यांची अडचण मला समजते, पण तोच डोस सगळ्यात बेभरवशाचा असतो.

ढवळूनही गुठळ्या किंवा रिफिलच्या आतल्या काचेला चिकटलेले पांढरे कण दिसले, तर ते औषध खराब झालेले आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४० च्या वर असताना, मोटारसायकलच्या डिकीत किंवा शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहिलेले पेन असे होऊ शकते. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेलेही होते. टोचून झाल्यावर सुई काढून ठेवावी, कारण लावून ठेवलेल्या सुईतून औषध झिरपते आणि आतल्या मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

पेनची चूक शिकवून सुधारते. जेवणाची चूक जास्त अवघड आहे, कारण ती एका समजुतीत आहे: दुपारी इंजेक्शन नसते, म्हणून दुपारचे जेवण पुढेमागे झाले तरी चालते. या औषधात दुपारचे जेवण सकाळीच टोचून झालेले असते. सकाळच्या इंजेक्शननंतर चार ते पाच तासांत जेवण झालेच पाहिजे, आणि ते होणार नाही असे दिसताच, घाम फुटायची वाट न पाहता, खिशातले केळे किंवा बिस्किटे खाल्ली पाहिजेत. म्हणून काढणीच्या, लग्नाच्या आणि बाजाराच्या दिवशी डबा इन्सुलिन घेतलेल्या माणसासोबत जावा, गाडीने मागाहून येणाऱ्यासोबत नव्हे.

आणखी एक प्रसंग वारंवार घडतो. उपाशीपोटी रक्त तपासायला जिल्ह्याच्या गावी यायचे असते, आणि माणूस सवयीने घरी इंजेक्शन घेऊन एसटीत बसतो. प्रवासात तास-दीड तास आणि पुढे रांगेत तेवढाच वेळ जातो. जलद इन्सुलिन तोपर्यंत जोरावर आलेले असते. अशा दिवशी पेन आणि डबा दोन्ही सोबत न्यावे, रक्त दिल्यावर इंजेक्शन घ्यावे आणि अर्ध्या तासाने खावे.

उपवासाचा प्रश्न एकादशीला, नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरला पायी निघण्याआधी येतो, आणि रमजानमध्येही तोच येतो. पायी चालण्याने साखर आणखी खाली जाते, हे इथे लक्षात ठेवावे. नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. पण स्वतःच्या मनाने इंजेक्शन पूर्ण बंद करणेही बरोबर नाही, कारण सावकाश भागाची गरज उपाशी असतानाही असते, आणि टाइप १ च्या रुग्णाला ते बंद करणे जिवावर बेतू शकते. त्या दिवशी किती युनिट घ्यायचे हे आठवडाभर आधी डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. रात्रीचा डोस घेतल्यावर जेवण जाईना, उलटी झाली, तर थोडी थोडी साखर किंवा दूध घेत राहावे, झोपण्याआधी आणि रात्री दोन-तीनला साखर तपासावी. सकाळी घामाने ओले झालेले कपडे, डोकेदुखी आणि वाईट स्वप्ने ही रात्री साखर उतरून गेल्याची खूण असू शकते.

त्या शेतकऱ्यांनी डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली. डोस पुन्हा सकाळी २० आणि रात्री १४ केला गेला आणि आठ दिवस रोज चार वेळा साखर तपासायला सांगितली. ढवळलेल्या पेनवर पहिल्या रिफिलच्या शेवटच्या दिवशी सकाळी १३८ आली. दुपारचा डबा आता त्यांची सून सकाळीच पिशवीत भरून देते, आणि त्याच पिशवीच्या कप्प्यात साखरेची पुडी असते.