आईने पाठवलेलं गणित आणि पानाचा फोटो

इंदूरमध्ये घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर आठवी ते दहावीचे डाउट सोडवायला सुरुवात करताय, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. निम्मे मेसेज मुलांचे नसतातच. मुलगा कोचिंगला गेलेला असतो, तिथे फोन जमा करून घेतात, आणि जाताना तो सांगून जातो की आई, ताईंना हे एवढं विचारून ठेव. मग मेसेज टाइप करते आई, नाहीतर आजोबा. त्यांना तुम्ही उलट काही विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर नसतं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, ते बिचारे नुसता निरोप पोचवतायत.

माझ्याकडे पहिल्याच महिन्यात रामबागेतल्या एका काकूंचा मेसेज आला, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी पोळ्या लाटत होते. दहावीचं, एनसीईआरटीचं गणित:

```
1/x+4 - 1/x-7 = 11/30
```

खाली लिहिलेलं, "ताई हे सोडवून द्या, उद्या दाखवायचंय." मी हात पुसून वहीत उतरवलं आणि जसं लिहिलंय तसंच सोडवायला घेतलं. 1/x मधून 1/x गेला, 4 मधून 7 गेले, उरलं काय तर -3 = 11/30. म्हणजे गणित कुठेतरी तुटलंय हे कळलं, पण कुठे ते काकूंना विचारायचं कसं? मी आपलं शहाणपणाने विचारलं, "काकू, 4 छेदात आहे का?" काकू म्हणाल्या, "छेद म्हणजे काय गं?" मी म्हटलं हर, हिंदीत हर म्हणतात ना तो. "हो का, मी तर मॅथ्स दहावीनंतर सोडलं बघ, तो आला की विचारते." तो येणार साडेनऊला. वीस मिनिटं आम्ही दोघी ब्रॅकेट आहे का, ब्रॅकेट नाहीये, मग प्लस वर आहे की खाली, असं करत बसलो आणि पोळी जळली ती वेगळीच.

शेवटी मी वैतागून लिहिलं, काकू तुम्ही पानाचा फोटोच पाठवा ना. अर्ध्या मिनिटात फोटो. पुस्तकात ब्रॅकेट कुठेच नव्हतं, काकू खरंच बोलत होत्या! x+4 एका आडव्या रेघेखाली होतं आणि x-7 दुसऱ्या. आणि समीकरणाच्या बाजूला बारीक अक्षरात x ≠ -4, 7 असं छापलेलं, जे काकूंनी "ते काहीतरी एक्स्ट्रा आहे" म्हणून टाइपच केलं नव्हतं. खरं तर तेवढं एकच आलं असतं तरी मला कळलं असतं, कारण x ला -4 आणि 7 चालत नाही म्हणजे x+4 आणि x-7 शून्य होता कामा नयेत, म्हणजे ते खालीच आहेत. मग पुढे दोन मिनिटांचं काम:

```
1/(x+4) - 1/(x-7) = 11/30
-11 / ((x+4)(x-7)) = 11/30
(x+4)(x-7) = -30
x² - 3x + 2 = 0
x = 1, 2
```

1 टाकून बघा, 1/5 + 1/6 येतं, बरोब्बर 11/30.

तेव्हापासून माझा हिशोब असा की प्रश्न विचारायच्या आधी बघायचं, याचं उत्तर द्यायला विषय समजावा लागतो की नुसते डोळे पुरतात. "4 छेदात आहे का" याला विषय लागतो. "लांब आडव्या रेघेच्या खाली काय काय लिहिलंय ते डावीकडून वाचा" याला डोळे पुरतात, आजोबासुद्धा सांगतील. पुस्तक शेजाऱ्यांकडे राहिलंय नि ते फोनवर वाचून दाखवतायत, असं होतं कधीकधी, तेव्हा मी असंच विचारते. पण पान समोर असेल तर विचारत बसायचंच नाही, फोटो मागायचा.

मागतानाही "फोटो पाठवा" एवढंच लिहिलं की नेमक्या त्या एका ओळीचा फोटो येतो, फ्लॅशने चमकलेला. वरची सूचना कापलेली असते, आणि बहुतेक वेळा खरी गोम तिथेच असते, मुळं काढायची आहेत की फक्त मुळं आहेत का ते तपासायचंय हे वरच्या ओळीत असतं. म्हणून माझा मेसेज आता ठरलेला आहे, कॉपी करून घ्या हवा तर: "काकू, पुस्तकाचं पूर्ण पान, वरच्या हेडिंगपासून, वही-पुस्तक खिडकीजवळ सपाट ठेवून. आणि वहीत सरांनी शेवटचं गणित केलंय त्या पानाचा एक." दुसरा फोटो महत्त्वाचा का, तर सरांनी वर्गात फॉर्म्युल्याने शिकवलंय की फॅक्टर पाडून, हे आईला विचारून कधीच कळत नाही, वही बघितली की एका नजरेत कळतं. नाहीतर तुम्ही सुंदर फॅक्टर पाडून द्याल आणि दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणेल, ताई हे आमच्या सरांना नाही चालत. अक्षर बारीक असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते, साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून टाकतं आणि झूम केलं की ² आणि ³ सारखेच दिसतात. वहीचं कव्हर मात्र मागायचं नाही, त्यावर मुलाचं नाव, शाळा, सगळं असतं, आपल्याला काय करायचंय ते.

पेस्टचं गणित वेगळं आहे. इंग्रजीचा लांब पॅसेज असेल, किंवा मॅडमनी क्लासच्या ग्रुपवर होमवर्क टाकला असेल, तर पेस्ट किंवा सरळ फॉरवर्डच बरं, कारण आई सांगते "दहा प्रश्न करायचेत" आणि मूळ मेसेजमध्ये असतं की त्यातले फक्त विषम नंबरचे. पण गणिताच्या पीडीएफमधून पेस्ट आलं तर सावध. x² चा x2 होतो, 2⁵ चा सरळ 25 होतो, आणि हा 25 दिसायला इतका निरागस असतो की शंकाच येत नाही. मी एकदा पूर्ण घातांकाची वर्कशीट अशी सोडवली होती, उत्तरं एकही जुळेना, मला वाटलं वर्कशीटच चुकलीये! आणि हिंदीची वर्कशीट आपल्याकडे बऱ्याचदा कृतिदेव फॉन्टमध्ये बनवलेली असते, त्यातून कॉपी केलं की "हिन्दी"च्या जागी fgUnh असलं काहीतरी येतं. एका आजोबांनी अख्खा उतारा असा पाठवला आणि खाली विचारलं, ही कोणती भाषा आहे बेटा. तिथे स्क्रीनशॉट मागायचा, विषय संपला.

अजून एक, फोटो मागितला आणि तासभर आला नाही तर परत परत टोचू नका. आई स्वयंपाकात असते, नाहीतर पुस्तक दप्तरात आणि दप्तर मुलाबरोबर. मी लिहून ठेवते, "तो आला की पाठवू दे, दहापर्यंत मी आहे." अंदाजाने सोडवून पाठवणं मी बंद केलंय, कारण आई ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायला सांगते आणि मग चुकीचं गणित माझ्या नावावर.

रामबागेतल्या काकू आता न सांगता फोटो पाठवतात. परवाचा एकदम क्लिअर होता, खिडकीजवळचा, हेडिंगसकट, फक्त पान दाबून धरलेला अंगठा बरोब्बर प्रश्नाच्या नंबरावर. मी लिहिलं, काकू, अंगठा. दुसरा फोटो आला, त्यात अंगठा होता 11/30 सारख्याच एका अपूर्णांकाच्या खालच्या आकड्यावर.

"काकू, छेद झाकला गेलाय."

"हां हां, रेघेखालचा ना, थांब."