पाणी भरायची पाळी: वर्षअखेरीचा घोळ असा मिटवला

जुळे सोलापुरात आम्ही तिघे एकत्र राहतो. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी भरायची पाळी चुकली की पुढचे काही दिवस सगळ्यांचेच हाल. आमच्या शीटमध्ये आठवड्याच्या क्रमांकाला 3 ने भागून, बाकीवरून पाळी ठरायची. वर्षभर ठीक चाललं. पण 52 ची बाकी 1 आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्याचीही 1! एकालाच सलग दोन आठवडे.

आता गूगल कॅलेंडरमध्ये प्रत्येकाच्या नावाची वेगळी नोंद आहे. सुरुवात एकेका आठवड्याच्या अंतराने, आणि Custom मध्ये दर 3 आठवड्यांनी पुनरावृत्ती. आठवणीची सूचना रविवारी रात्री तिघांनाही येते. कुणी गावी गेला, तर अदलाबदल करताना This event निवडायचं, नाहीतर पुढच्या सगळ्या पाळ्या सरकतात.