‘मर्ज झालं’ म्हणजे गिऱ्हाईकापर्यंत पोचलं, असं नसतं

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मी रिलीज नोट्स, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं ते गिऱ्हाईकाला सांगणाऱ्या नोंदी, लिहायला लागले, तेव्हा मला वाटलं होतं की काम भाषेचं आहे. डेव्हलपर ग्रुपवर तुटक काहीतरी टाकतात, आपण त्याचं नीट मराठी करायचं. आमचं सॉफ्टवेअर कांदा व्यापाऱ्यांसाठी होतं. लिलावात माल घेतला की वजन, भाव, हमाली, तोलाई लावून शेतकऱ्याला हिशोबपट्टी छापून द्यायची. नोट्स वाचणारे म्हणजे लासलगाव-पिंपळगावकडचे व्यापारी, त्यांचे दिवाणजी आणि आमचे सेल्सवाले. यांतल्या कुणालाही ‘मर्ज’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

एका शुक्रवारी ग्रुपवर हे आलं:

```
fix: patti rounding, round() moved to total. merged. flag off by default
null wt on split lot - done
bumped pdf lib
```

पहिली ओळ मी डेव्हलपरकडून समजून घेतली, तेवढं शहाणपण होतं. पट्टीत तीन गाड्या आहेत असं धरा. वजनं १२.३५, १८.७० आणि १५.१५ क्विंटल. हिशोब सोपा व्हावा म्हणून भाव तिन्हींना एकच, १,८४३ रुपये क्विंटल. रकमा येतात २२,७६१.०५, ३४,४६४.१० आणि २७,९२१.४५. बेरीज ८५,१४६.६०, म्हणजे पूर्ण रुपयांत ८५,१४७. पण आमचा प्रोग्रॅम आधी प्रत्येक ओळ पूर्ण रुपयांत आणायचा आणि मग बेरीज करायचा, त्यामुळे ८५,१४६ यायचे. एक रुपया कमी. शेतकरी मोबाइलवर हिशोब करून बघतो आणि तो रुपया त्याला दिसतो.

मी झोकात लिहिलं: “पट्टीतील रुपया-पैशाच्या फरकाची चूक दुरुस्त करण्यात आली आहे.” शुक्रवारी संध्याकाळी पाठवून मोकळी झाले.

सोमवारी लिलाव संपायच्या आतच फोन. दिवाणजींनी माझी नोट वाचून शेतकऱ्याला सांगितलं होतं, “आता एक रुपयाचासुद्धा फरक यायचा नाही.” आणि पट्टी निघाली जुन्याच हिशोबाची. फोनवरचं त्यांचं वाक्य अजून आठवतं: “ताई, आधी नुसता फरक होता. आता मी खोटा ठरलो.”

खड्डा होता पहिल्या ओळीच्या शेवटच्या चार शब्दांत, `flag off by default`. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण नव्या माणसाचा पाय हमखास इथेच घसरतो. ग्रुपवरच्या ‘डन’मागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, बदल मुख्य कोडमध्ये गेला, म्हणजेच ‘मर्ज’ झाला. दोन, तो कोड गिऱ्हाईक वापरतो त्या आवृत्तीत गेला. तीन, त्या आवृत्तीत तो बदल चालू आहे. डेव्हलपरचं काम बऱ्याचदा पहिल्यालाच संपतं, म्हणून तो प्रामाणिकपणे ‘डन’ म्हणतो. दिवाणजींसाठी मात्र तिसरं झाल्याशिवाय काहीच झालेलं नसतं. फ्लॅग म्हणजे कोडमधलं बटण. बदल घरात येतो, पण बटण दाबेपर्यंत दिवा लागत नाही. आमच्याकडे ते बटण प्रत्येक व्यापाऱ्याच्या खात्यावर सपोर्टने चालू करायचं ठरलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट तपासायला कोड यावा लागत नाही. डेव्हलपरकडून कमिटचा, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या त्या बदलाचा, नंबर घ्या आणि हे चालवा:

```
git tag --contains a3f9c21
```

ज्या आवृत्त्यांत तो बदल आहे त्यांची नावं येतात. काहीच आलं नाही, तर बहुतेक तो अजून कुठल्या आवृत्तीत गेलेला नाही. ‘बहुतेक’ मुद्दाम म्हणते. घाईच्या दुरुस्तीत तोच बदल उचलून दुसऱ्या शाखेवर चिकटवतात, तेव्हा त्याला नवा नंबर मिळतो आणि जुन्या नंबराने शोधलं की रिकामं उत्तर येतं. अशा वेळी सरळ विचारावं. आणि फ्लॅगबद्दल ही कमांड अक्षरही बोलत नाही. तिथे टेस्टिंगवाल्यांच्या मशिनवर नाही, तर गिऱ्हाईकासारख्याच साध्या खात्यात एक पट्टी काढून बघायची. मी आता तीच तीन वजनं टाकते. ८५,१४६ आले की नोट थांबते.

विचारायचं कसं, याचंही सांगते. “याचा अर्थ काय?” असं विचारलंत तर डेव्हलपर तुम्हाला कोड समजावतो आणि तुम्ही मान हलवत परत येता. त्यापेक्षा चुकीचं का असेना, एक वाक्य लिहून त्याच्यापुढे ठेवा: “सोमवारी सगळ्या व्यापाऱ्यांच्या पट्ट्या नव्या हिशोबाने निघतील, बरोबर?” दुसऱ्याची चूक काढायला माणूस हातातलं काम सोडून येतो. मला यातूनच कळलं की आधी छापलेल्या पट्ट्यांना हा बदल लागू नव्हता. हे तर मूळ मेसेजमध्ये नव्हतंच.

शेवटी ती नोट अशी गेली:

“एका पट्टीत एकापेक्षा जास्त गाड्या असतील, तर एकूण रक्कम रुपया-दोन रुपयांनी कमी-जास्त येत असे. आता प्रत्येक गाडीची रक्कम पैशांसह धरली जाते आणि फक्त शेवटची बेरीज पूर्ण रुपयांत येते. हा बदल सुरुवातीला बंद आहे, सपोर्टला फोन केल्यावर तुमच्या खात्यावर चालू होईल. आधी छापलेल्या पट्ट्या बदलणार नाहीत.”

आधी काय दिसायचं, आता काय दिसेल, कुणाला आणि कधीपासून, काय बदललेलं नाही. `round()` कुठून कुठे गेला, याचा एक शब्द नाही. “दुरुस्त करण्यात आली आहे” हा सरकारी प्रयोगही मी सोडून दिला. त्यात कधीपासून आणि कुणासाठी, हे दोन्ही छान लपतं.

आता थोडं माझं मत. कमिट मेसेज गोळा करून आपोआप यादी बनवणारी साधनं वाईट नाहीत, काही सुटू नये म्हणून मीही ती यादी काढते. पण तीच गिऱ्हाईकाला पाठवणं म्हणजे पाहुण्याच्या ताटात न निवडलेली मेथीची जुडी ठेवणं. आणि गुरू शोधायचा तर सीनियर डेव्हलपरमध्ये शोधू नका, सपोर्टच्या फोनवर बसणाऱ्या माणसात शोधा. आमच्या सपोर्टच्या काकांनी माझ्या नोटेतलं ‘स्प्लिट लॉट’ खोडून बाजारातल्या बोलीत ‘एका गाडीचे दोन वक्कल’ केलं, आणि त्या ओळीवर नंतर एकही फोन आला नाही.

पहिले दोन-तीन महिने अंगावर येतात. प्रत्येक ओळीमागे तीन प्रश्न विचारताना आपण ढ वाटतो. मी तर एकदा जिन्यात जाऊन रडले होते. नंतर डेव्हलपर स्वतःच ‘फ्लॅग बंद, काकांना सांगितलंय’ असं लिहायला लागले, म्हणजे त्रास दोन्हीकडे होता.

तिसरी ओळ राहिली, `bumped pdf lib`, म्हणजे पट्टीची पीडीएफ बनवणारा तयार कोड नव्या आवृत्तीवर नेला. आतलं काम म्हणून मी ती नोटेतून गाळली होती. पंधरवड्याने पिंपळगावच्या दिवाणजींचा फोन आला. पट्टीवर कुऱ्हाडे आडनावातला ‘ऱ्हा’ कायम तुटका छापायचा, तो आता नीट येतोय, हे तुम्ही केलंत का, असं ते विचारत होते. मी डेव्हलपरला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.