वरिष्ठाचे मेसेज तक्रारीला जोडताना

वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाची तक्रार ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे करताना व्हॉट्सॲपच्या एक्स्पोर्टमध्ये एक अडचण येते. त्या फाइलमध्ये नंबर नाही, तुम्ही सेव्ह केलेलं नावच दिसतं. ‘सर’ म्हणजे नेमकं कोण, हा वाद मग सहज उभा राहतो.

१. त्या व्यक्तीची कॉन्टॅक्ट माहिती उघडा. नाव आणि नंबर एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या.
२. चॅटमध्ये More, मग Export chat, मग Include media निवडा. फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. ऑफिसचा मेल नको, तो कधीही बंद होऊ शकतो.
३. पूर्ण चॅट जोडा, पण तक्रारीत आक्षेपार्ह मेसेज तारीख-वेळेसह लिहा: ‘१२ मार्च, रात्री ११:४०, हॉटेलवर भेटायला बोलावलं, पान ७.’ तुमचा नकारही तसाच नोंदवा, तो फार महत्त्वाचा असतो.
४. तक्रारीच्या, जोडलेल्या कागदांसह, सहा प्रती द्या आणि पोच घ्या. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

एक्स्पोर्ट फाइलमधलं एक अक्षरही बदलू नका आणि फोनमधलं मूळ चॅट पुसू नका. फाइल कुणालाही बदलता येते, त्यामुळे शंका आली तर पडताळणी फोनवरूनच होते.