व्हीलचेअर घेऊन लंडन फिरताना या चुका टाळा: लिफ्ट दिसली म्हणजे जमलं असं नाही

मे महिना जवळ आला की मला फोन सुरू होतात. आई-बाबा लंडनला येताहेत, बाबांना व्हीलचेअर लागते, तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता फक्त कसं फिरायचं तेवढं सांग. अहो, हॉटेल झालं तिथेच अर्ध्या चुका होऊन गेलेल्या असतात! या शहरात व्हीलचेअरवाल्या माणसाने राहायचं कुठे हे स्टेशन बघून ठरवायचं असतं, आणि आपले लोक आधी स्वस्त डील बघून पैसे परत न मिळणारं बुकिंग करतात आणि मग स्टेशनची चौकशी करतात. इतकी वर्षं इथे राहून त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "स्टेशनला लिफ्ट आहे ना, मग झालं". नाही झालं. लंडनची ट्यूब म्हणजे इथली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, बरीचशी स्टेशनं शंभर वर्षांहून जुनी आहेत, आणि २७२ पैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांतच पायरी न लागता ये-जा करता येते. त्यातही काही स्टेशनं अशी आहेत की तिथे मोठ्या लिफ्ट आहेत, रोज हजारो लोक त्या वापरतात, पण लिफ्टमधून उतरल्यावर फलाटापर्यंत पायऱ्या आहेतच. रसेल स्क्वेअर, कॉव्हेंट गार्डन, गूज स्ट्रीट ही त्यातली नावं, आणि नेमकी टुरिस्टांच्या आवडीच्या भागातली.

पुण्याचे एक काका आले होते. पॅरालिसिसनंतर डावी बाजू कमजोर, साधी ढकलायची खुर्ची, सोबत काकू आणि मुलगा. मुलाने हॉटेल घेतलं रसेल स्क्वेअरला, कारण ब्रिटिश म्युझियम जवळ आणि हीथ्रोवरून पिकाडिली लाइन थेट तिथे जाते, गाडी बदलायला नको. नेटवर त्याने "रसेल स्क्वेअर लिफ्ट" असं शोधलं, लिफ्ट आहे असं आलं, विषय संपला. हीथ्रोला गाडीत चढायला काही अडचण आली नाही कारण तिथे फलाट आणि गाडी एका उंचीला येतात. रसेल स्क्वेअरला दार उघडलं तर फलाट खाली आणि गाडी वर, दार बंद व्हायच्या आत दोन अनोळखी प्रवाशांनी हात लावून खुर्ची कशीबशी उतरवली, आणि पुढे गेल्यावर पायऱ्या, लिफ्ट त्या पायऱ्यांच्या वर. दहा तासांचा विमानप्रवास करून आलेला माणूस खाली फलाटावर बसलेला आणि मुलगा वर येऊन मला फोन करतोय की आम्ही चौघे-पाच जण मिळून उचलू का.

उचलू नका, मी ओरडलोच. हा आपल्याकडचा फार वाईट शॉर्टकट आहे, "आहोत ना आपण, उचलून नेऊ". ज्याच्या एका बाजूला ताकद नाही त्याला खुर्चीसकट पायऱ्यांवरून नेताना खुर्ची कलली तर तो स्वतःला सावरू शकत नाही, उचलणाऱ्याचा पाय घसरला की दोघेही खाली, आणि काकांना विचारलंय का कुणी की त्यांना असं पोत्यासारखं उचलून घेतलेलं चालेल का? त्यांना सांगितलं, स्टेशनच्या स्टाफला बोलवा, त्यांच्या समोर पुढच्या गाडीत चढा आणि एकच स्टेशन पुढे किंग्ज क्रॉसला उतरा. तिथून पायरी न लागता रस्त्यावर येता येतं, वर आलात की काळी टॅक्सी घ्या. फलाटाचा जो भाग मुद्दाम उंचवलेला असतो त्याच्या समोरच्या डब्यात असाल तरच सरळ उतरता येतं, त्यामुळे डबा कुठला तेही स्टाफला विचारून घ्या म्हटलं. पोचले एकदाचे. पण पहिला दिवस गेला आणि काकांचा पुढच्या सगळ्या प्रवासावरचा विश्वासही गेला, तो परत यायला वेळ लागला.

तेच हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइन घेतली असती तर? २०२२ साली सुरू झालेली लाइन आहे, तिच्या सगळ्या स्टेशनांना फलाटापर्यंत पायरी न लागता जाता येतं, हीथ्रोवरून थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरायचं, लिफ्टने वर यायचं आणि तिथून हॉटेलपर्यंत छोटी टॅक्सी. ब्रिटिश म्युझियमसाठीही हेच स्टेशन, रसेल स्क्वेअर नाही.

नकाशावरची चिन्हं नीट बघायची सवय लावा. निळ्या गोलात पांढरी व्हीलचेअर असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत जाता येतं. पांढऱ्या गोलात निळी व्हीलचेअर असेल तर फक्त फलाटापर्यंत, पुढे गाडीत चढताना उंची किंवा फट असू शकते आणि स्टाफकडून रॅम्प मिळतो का ते बघावं लागतं. लंडनची वाहतूक चालवणाऱ्या टीएफएल या संस्थेच्या जर्नी प्लॅनरमध्येही हे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि घाईत लोक फलाटापर्यंतचा निवडतात कारण त्यात जास्त रस्ते दिसतात. मी कायम गाडीपर्यंतचाच निवडतो. शिवाय चिन्ह स्टेशनाला असलं तरी ते कुठल्या लाइनला आणि कुठल्या दिशेला लागू आहे ते बघा. यूस्टन स्क्वेअरला फक्त पश्चिमेकडे जाणाऱ्या बाजूला पायऱ्या नाहीत, म्हणजे तिथून जाता येईल पण परतताना त्याच स्टेशनावर अडकाल. बँक स्टेशनला नॉर्दर्न लाइन जमते, सेंट्रल जमत नाही.

आता दुसरी चूक, खोली. हॉटेलच्या वेबसाइटवर "ॲक्सेसिबल रूम" लिहिलेलं असलं म्हणजे बाथरूममध्ये खुर्ची घेऊन आंघोळ करता येईल असं समजू नका. त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या खोल्या येतात. एकीत उतार दिलेली सपाट फरशी, भिंतीला घडीची सीट आणि हातातला शॉवर असतो, हिला इथे वेट रूम म्हणतात. दुसरीत साधा बाथटब असतो आणि त्याच्या भिंतीला दोन दांडे लावलेले असतात. ज्याला पाय उचलून टबाची कड ओलांडता येत नाही त्याला ती दुसरी खोली शून्य उपयोगाची, आणि बुकिंगच्या साइटवर दोघींना एकच चिन्ह.

त्यापुढची गोष्ट तर जवळजवळ कोणीच विचारत नाही, कमोडच्या कुठल्या बाजूला मोकळी जागा आहे. वरच्या काकांची उजवी बाजू चांगली, म्हणजे कमोडवर सरकताना कमोड त्यांच्या उजव्या हाताला यायला हवा आणि आधाराचा दांडा त्या हाताच्या टप्प्यात हवा. त्यांना मिळालेल्या खोलीत सगळं उलटं होतं, भिंत आणि दांडा डाव्या बाजूला, मोकळी जागा उजवीकडे. खोली मोठी, छान, वेट रूम, पण काकूंना दर वेळी मदतीला उभं राहावं लागलं. बऱ्याच हॉटेलांत एक डावी आणि एक उजवी अशा दोन्ही प्रकारच्या खोल्या असतात, फक्त आधी विचारायला लागतं.

म्हणून मी ईमेल करतो, फोन नाही, कारण फोनवर रिसेप्शनवाले सगळ्याला हो म्हणतात. बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मधली मोकळी रुंदी किती सेंटिमीटर, दाराचं माप नको. पलंगाची गादीसकट उंची किती, आणि पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे जागा किती. कमोडचा समोरून काढलेला फोटो. साध्या खुर्चीची रुंदी चाकांसकट ६० ते ६६ सेंटिमीटर असते, त्यात ढकलणाऱ्या हातांची बोटं धरा, म्हणजे ७५ च्या खाली दार असेल तर रोज बोटं सोलणार. पलंग खुर्चीच्या सीटच्या उंचीला, म्हणजे ४५ ते ५० च्या आसपास असला की सरकणं सोपं. हॉटेलांचे जाड गाद्यांचे पलंग पुष्कळदा याहून बरेच उंच असतात. आणि शेवटी, ही खोली आमच्यासाठी पक्की ठेवली आहे असं लेखी घ्या, कारण बुकिंग साइटवर टिक केलेली ती नुसती विनंती असते. तीन-चार दिवसांत मापं आली नाहीत तर मी ते हॉटेल सोडून देतो. ज्यांना टेप लावायला जमत नाही ते वेळ आल्यावर मदत काय करणार.

बाकीच्या चुका थोडक्यात. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायचं, विमानतळावर जाऊन सांगायचं नाही, आणि स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथेच परत मिळावी असं चेक-इनला सांगून टॅग लावून घ्यायचा. लिफ्ट चालू आहे का हे रोज सकाळी टीएफएल गो ॲपवर बघायचं, आदल्या रात्री बघून उपयोग नाही. बसला घाबरू नका; लंडनच्या बसला मधल्या दाराला रॅम्प असतो, दाराजवळचं व्हीलचेअरचं निळं बटण दाबायचं, पण जागा एकाच खुर्चीची असते, त्यामुळे कधी एखादी बस सोडावी लागते. काळ्या टॅक्सीत रॅम्प असतोच. खासगी ॲपवरची गाडी मागवून डिकीत खुर्ची बसेल या आशेवर उभे राहू नका.

आणि एका दिवसात चार ठिकाणं ठेवू नका, मी दोन ठेवतो. जमून येणारा एक दिवस सांगतो. राहणं ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टर ते स्ट्रॅटफर्ड या टप्प्यात घ्या, हा भाग १९९९ चा आहे आणि इथली सगळी स्टेशनं पायरीविना आहेत. सकाळी लंडन ब्रिजला उतरून नदीकाठाने टॉवर ब्रिजकडे जायचं, ब्रिजच्या मनोऱ्यांमधल्या वरच्या मार्गावर जायला लिफ्ट आहे. पलीकडे टॉवर ऑफ लंडन. तिथे राजमुकुटांचं दालन खुर्चीवरून बघता येतं, कोहिनूर तिथेच आहे, पण मधला व्हाइट टॉवर जिन्यांचा आहे, तो सोडायचा, आणि आतल्या रस्त्यांवर जुने दगड आहेत तेव्हा पुढची छोटी चाकं थोडी उचलून हळू ढकलायचं. सोबतच्या माणसाचं तिकीट फुकट मिळतं, आधीच बुक करताना मागायचं.

दुपारी टॉवर गेटवेवरून डीएलआर ही पूर्व लंडनची छोटी रेल्वे घ्या, मध्ये एकदा बदलून ग्रीनिचमधल्या कटी सार्क स्टेशनला उतरा. डीएलआरची सगळी स्टेशनं पायरीविना आहेत. ग्रीनिचला कटी सार्क हे जुनं जहाज बघा, नदीकाठ बघा, वेधशाळा मात्र टेकडीवर आहे आणि चढ चांगलाच आहे, ढकलणारा दमदार नसेल तर हट्ट करू नका. परत नदीतल्या बोटीने यायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. थेम्सला इथे मोठी भरती-ओहोटी असते, धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, आणि पूर्ण ओहोटीला त्याचा पूल इतका तिरका होतो की साध्या खुर्चीला उतरताना मागे धरायला माणूस लागतो आणि चढताना दोघं. तेव्हा एक तर भरतीच्या आसपासची बोट पकडा, नाहीतर डीएलआरनेच परत या.